एक एकर, चाळीस गुंठे आणि तीन इयत्ता

आमच्या सदलग्यात आणि आजूबाजूच्या गावांत जमिनीचा हिशोब अजूनही एकर-गुंठ्यातच चालतो. एका एकराचे चाळीस गुंठे. उताऱ्यावर क्षेत्र १-२० असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक एकर वीस गुंठे, सरळ दीड एकर. हाच आकडा कुणी घाईत मोबाईलवर १.२० असा लिहून पाठवला, की घोटाळा होतो. १.२० एकर म्हणजे एक एकर आठ गुंठे. मधल्या आडव्या रेघेचा टिंब झाला आणि बारा गुंठे गेले! शिकलीसवरलेली, दशांश अपूर्णांकात पैकीच्या पैकी गुण घेतलेली मंडळीही इथं अडखळतात. त्यांना दशांश येत नाहीत असं नाही. पुस्तकातल्या ‘दशांश अपूर्णांक’ नावाच्या प्रकरणात ते येतात, उताऱ्यावर येत नाहीत.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, शिक्षक नव्हे. पण गेली काही वर्षं मे महिन्याच्या सुट्टीत गावी आलो, की घरातली तीन मुलं माझ्या ताब्यात असतात. यंदा पुतणी तिसरी संपवून आलेली, पुतण्या सहावी आणि भाची आठवी. पुतणी-पुतण्या कर्नाटकातल्या मराठी शाळेत, भाची महाराष्ट्रात. तिघांना एकाच सोप्यात, एकाच वेळी, एकच विषय शिकवायचा म्हटल्यावर एक प्रश्न आपोआप समोर येतो. गणित ओळीनं शिकवायचं, एक धडा पुरता संपवूनच पुढं जायचं, की तोच धडा दरवर्षी थोडा थोडा खोल नेत फिरून फिरून शिकवायचा?

शिक्षणशास्त्रात या दुसऱ्या पद्धतीला सर्पिल अभ्यासक्रम म्हणतात. नाव जड आहे, कल्पना साधी. जिना गोल फिरत वर जातो. प्रत्येक मजल्यावर तीच खिडकी दिसते, पण दर वेळी जरा उंचावरून. ही कल्पना जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मांडली. रशियानं १९५७ साली स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेत शाळेतल्या गणित-विज्ञानाची काळजी सुरू झाली. १९५९ च्या सप्टेंबरात वुड्स होल इथं शास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञांची बैठक झाली, आणि तिच्यातल्या चर्चेवर ब्रूनरनं १९६० साली ‘द प्रोसेस ऑफ एज्युकेशन’ हे छोटंसं पुस्तक लिहिलं. कुठलीही अवघड कल्पना लहान मुलाला त्याच्या वयाला झेपेल अशा, पण खोट्या नसलेल्या रूपात सांगता येते, आणि मग मोठं होताना त्याच कल्पनेकडे पुन्हा पुन्हा यायचं, असं त्याचं म्हणणं. यातला ‘खोट्या नसलेल्या’ हा भाग फार महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे पुढं येतोच.

आपली पाठ्यपुस्तकं बरीचशी याच वळणाची आहेत. बालभारतीची पुस्तकं चाळून पाहा. अर्धा, पाव, पाऊण खालच्या वर्गांत भेटतात. पाचवीत सममूल्य अपूर्णांक आणि बेरीज-वजाबाकी. सहावीत अपूर्णांकांवरील क्रिया. सातवीत तेच गृहस्थ ‘परिमेय संख्या’ असं भारदस्त नाव घेऊन येतात, आठवीत ‘परिमेय व अपरिमेय संख्या’ म्हणून आणि नववीत ‘वास्तव संख्या’च्या गर्दीत. एकच पाहुणा दरवर्षी कपडे बदलून येतो, आणि तो तोच आहे हे मुलांना कुणी सांगत नाही. भाचीला विचारलं, “परिमेय संख्या म्हणजे काय गं?” तिनं व्याख्या घडाघडा म्हटली. “मग पाऊण ही परिमेय संख्या आहे का?” तर म्हणाली, “मामा, पाऊण म्हणजे अपूर्णांक. तो पाचवीला होता.”

आता दुसरी बाजू. आमचे आबा जुन्या शाळेतले. त्यांचं गणित अगदी सरळ रेषेत गेलेलं. आधी उजळणी, मग पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आता सांगावं लागतं. हे सगळं तोंडपाठ झाल्याशिवाय पुढचं दार उघडायचं नाही. आबांना आजही “पाच पाऊण किती?” विचारलं, की प्रश्न संपायच्या आत “पावणेचार” येतं. “सात सवाय?” “पावणेनऊ.” माझा पुतण्या कागदावर ५ × ३/४ मांडेपर्यंत आबा चहा संपवतात.

ही सरळ रेषेची ताकद आहे, आणि ती कमी लेखू नये. जे शिकवलं ते पक्कं झालं आणि आयुष्यभर टिकलं. पण आबांना मी विचारलं, “पाच एकराचा एक तृतीयांश किती?” तर त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, “तीन वाटण्या करायच्या म्हंजे दोरी धरायची की. तोंडी कशाला?” पाढे फक्त पाव, अर्धा, पाऊण या घराण्याचे होते. तीन, सहा, सात यांचे भाग त्या रस्त्यावर नव्हतेच. रस्ता पक्का होता, पण तो एकाच गावाला जात होता.

तर सुट्टीत आम्ही काय केलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण दोन्ही पद्धतींचे गुणदोष मला त्यातच नीट दिसले.

चौकटीच्या वहीत आठ चौकोन लांब आणि पाच चौकोन रुंद असा आयत आखला. चाळीस चौकोन. आयत म्हणजे एक एकर, एक चौकोन म्हणजे एक गुंठा. खरा गुंठा तेहतीस फूट बाय तेहतीस फुटांचा असतो, म्हणून चौकोन ही चांगली सोय आहे. तिघांनाही हाच कागद दिला.

तिसरीच्या पुतणीचं काम रंगवण्याचं. पाव एकर रंगव. तिनं दहा चौकोन मोजून डावीकडून दोन उभ्या ओळी रंगवल्या. छान. मग मी दुसऱ्या कागदावर दहा चौकोन असेच वाकडेतिकडे, पायऱ्यांसारखे रंगवले आणि विचारलं, “हा पाव एकर आहे का?” “नाही. हा वाकडा आहे.” तिच्या डोक्यात पाव म्हणजे पोळीचा तो ठरावीक त्रिकोणी तुकडा होता. पुस्तकातली चित्रं बहुतेक तशीच असतात. दहा चौकोन मोजून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे शेत वाकडं असलं तरी पाव होतं?” होतं. भाग समान असायला हवेत, एकसारखे दिसायला नकोत. मग दुसरा प्रश्न: पाव एकर मोठा की अर्धा गुंठा? अर्धा पावापेक्षा मोठा, हे तिला शाळेत शिकवलेलं. इथं पाव एकर म्हणजे दहा चौकोन आणि अर्धा गुंठा म्हणजे अर्धाच चौकोन. कशाचा पाव आणि कशाचा अर्धा, हे विचारल्याशिवाय अपूर्णांकांची तुलना करता येत नाही. तिसरीच्या मजल्यावर एवढंच. पण हे ‘खोटं’ नाही. पुढं काहीही शिकताना यातलं एक अक्षर खोडावं लागत नाही.

याउलट खालच्या वर्गात आपण कितीतरी गोष्टी अशा सांगतो, की त्या वरच्या वर्गात खोडाव्या लागतात. ‘लहान संख्येतून मोठी वजा होत नाही’, ‘गुणाकार केला की संख्या वाढते’, ‘भागाकार केला की कमी होते’. मग अर्ध्यानं गुणताना संख्या घटते आणि पावानं भागताना वाढते, तेव्हा मुलाला वाटतं की गणितात नियम बदलत राहतात. जिन्याची खालची पायरी तात्पुरती लाकडी ठेवायची आणि वर गेल्यावर काढून घ्यायची, असा तो प्रकार. ब्रूनरची अट नेमकी इथं मोडते.

सहावीच्या पुतण्याला मी गणित घातलं: एका भावाकडे तीन अष्टमांश एकर, दुसऱ्याकडे पाव एकर, दोघांची मिळून किती? त्यानं लगेच लिहिलं:

३/८ + १/४ = ४/१२

अंशात अंश मिळवला, छेदात छेद. ही चूक शिक्षकांच्या रोजच्या ओळखीची आहे. त्यावर ‘चूक, आधी छेद समान कर’ असं सांगून पुढं जाता येतं. पण त्यानं तो नियम लक्षात राहतो किंवा राहत नाही, चूक का आहे ते कळत नाही. म्हणून म्हटलं, “तुझं उत्तर कागदावर दाखव.” ४/१२ म्हणजे १/३. चाळीस चौकोनांचा तिसरा भाग म्हणजे तेरा चौकोन आणि वर थोडं. तीन अष्टमांश म्हणजे पंधरा चौकोन, कारण अष्टमांश म्हणजे पाच. त्यानं दोन वेळा मोजलं. “काका, पहिल्याकडेच पंधरा होते. मिळवल्यावर तेरा झाले?” दोन भावांनी जमीन एकत्र केली आणि ती कमी झाली! उत्तर चुकलंय हे त्याला मी सांगायची गरज उरली नाही.

मग बरोबर उत्तर आपोआप आलं. पंधरा गुंठे आणि दहा गुंठे, पंचवीस गुंठे. चाळीसातले पंचवीस म्हणजे ५/८. “तू आत्ता छेद समान केलास,” मी म्हटलं. तो म्हणाला, “मी कुठं केला? मी गुंठे केले.” तेच तर. गुंठा हाच समान छेद आहे. एकराचे वेगवेगळे वाटे आपण एकाच मापात आणतो, त्यालाच शाळेत समच्छेद करणं म्हणतात. हे त्याला कुठल्याही नियमापेक्षा जास्त पटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो आपल्या बहिणीला तेच समजावताना मी ऐकलं.

पण कागदाची मर्यादा दाखवणंही जरुरीचं होतं. पुढचं गणित: एक तृतीयांश आणि पाव. आता चौकोन मोजून भागत नाही, तीननं चाळीसला भाग जात नाही. पुतण्या अडला आणि मग स्वतःच म्हणाला, प्रत्येक गुंठ्याचे तीन तुकडे करूया. एकूण एकशेवीस तुकडे. तृतीयांशाचे चाळीस, पावाचे तीस, बेरीज सत्तर. ७०/१२०, म्हणजे ७/१२. इथं मी त्याला लसावि दाखवला. तीन आणि चारचा लसावि बारा, म्हणजे एकशेवीस तुकड्यांची गरजच नव्हती, बारात भागलं असतं. पाचवीपासून त्यानं कितीतरी लसावि काढले होते. ते कशासाठी काढतात हे त्याला त्या दिवशी दिसलं.

भाचीसाठी तोच कागद, प्रश्न वेगळा. एक गुंठा म्हणजे दशांशात किती एकर? ०.०२५. इथं ती अडकली. तिला १/४० मांडता आलं, पण भागाकार करताना शून्यं कुठं द्यायची ते कळेना. म्हणजे अडचण आठवीची नव्हती, पाचवीची होती, स्थानिक किमतीची. आम्ही अर्धा तास तिथं घालवला. दशांश, शतांश, सहस्रांश. एकराचे हजार भाग केले तर एका गुंठ्याच्या वाट्याला पंचवीस येतात, हे तिला पटल्यावरच पुढं गेलो.

पुढं गंमत होती. दोन गुंठे ०.०५, सात गुंठे ०.१७५, एकोणचाळीस गुंठे ०.९७५. कितीही पूर्ण गुंठे घ्या, दशांश तीन अंकांच्या आत संपतो. पण एक तृतीयांश एकर लिहा, तर ०.३३३… संपतच नाही. का? चाळीसचे मूळ अवयव २ × २ × २ × ५. आपली दशांश पद्धत दहावर चालते, आणि दहाचे मूळ अवयव दोन आणि पाच. अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप दिल्यावर छेदात दोन आणि पाच यांच्याशिवाय दुसरं कुणी नसेल, तर दशांश संपतो. तीन, सात, अकरा असं कुणी आत शिरलं, की तो संपत नाही, त्याच अंकांची आवर्तनं चालू राहतात. हा आठवी-नववीचा मजला. भाचीनं मग स्वतःच पडताळून पाहिलं: ३/१२ संपतो, ५/१२ संपत नाही. छेद तोच बारा, मग असं कसं? कारण ३/१२ म्हणजे १/४. ‘अतिसंक्षिप्त रूप’ ही अट पुस्तकात का घातली आहे, ते तिला कळलं.

तर एका कागदावर तीन इयत्ता बसल्या. इथपर्यंत ऐकून वाटेल, की सर्पिल पद्धत जिंकली. मला तसं वाटत नाही.

भाची स्थानिक किमतीवर अडली ते बघा. तिच्या पुस्तकांत दशांश पाचवीला आले, सहावीला आले, पुढंही आले. तीन-चार फेऱ्या झाल्या, आणि भोक तसंच राहिलं. कारण प्रत्येक फेरीत एक सोय असते, ‘पुढच्या वर्षी येणारच आहे’. शिक्षक तसं म्हणतो, पालक म्हणतात, मूलही म्हणतं. आणि पुढच्या वर्षी तोच धडा आला की मूल म्हणतं, “हे आमचं झालंय की काका!” ओळख असणं आणि येणं यांत फरक आहे. पण ओळखीच्या धड्यावर मूल लक्ष देत नाही, आणि शिक्षकालाही पहिले आठ दिवस उजळणीत घालवावे लागतात. हुशार मुलाला कंटाळा येतो. कच्च्या मुलाला आठ दिवस पुरत नाहीत.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. १९९५ साली टिम्स नावाची गणित-विज्ञानाची मोठी आंतरराष्ट्रीय पाहणी झाली. तिच्या अभ्यासातून विल्यम श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की अमेरिकेतल्या वर्गांत एका वर्षात खूप विषय घेतले जातात, तेच विषय वर्षानुवर्षं परत परत येतात, आणि त्यांची खोली फारशी वाढत नाही. वरच्या क्रमांकावर आलेल्या देशांत विषय कमी, एका विषयाला वेळ जास्त, आणि क्रम जास्त काटेकोर होता. फिरत राहणं आणि वर चढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाण्याचा बैलही दिवसभर फिरतोच.

मला इथं माझ्या बी.ई.च्या दिवसांतलं एक प्रकरण आठवतं. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकलेल्या प्रत्येकानं परीक्षेत दोन आकृत्या काढल्या असतील, एक धबधब्याची, म्हणजे वॉटरफॉल, आणि एक स्पायरल. धबधब्यात एक टप्पा संपवून दुसऱ्यात उतरायचं, परत वर जाणं कठीण. स्पायरल मॉडेल बॅरी बोहेम यांनी १९८६ साली मांडलं. त्याची आकृती सगळ्यांना आठवते, पण त्यातला मुख्य मुद्दा बरेच जण विसरतात. बोहेम यांच्या प्रत्येक फेरीत एक थांबा आहे: सर्वांत मोठा धोका कोणता, तो तपासा, मगच पुढची फेरी. तो थांबा काढून टाकला तर उरतं ते नुसतं गरगर फिरणं. शाळेतल्या सर्पिल अभ्यासक्रमात हा थांबा छापलेला नसतो, आणि पुढच्या इयत्तेत ढकलताना तो कुणी घेतही नाही.

म्हणून मी एक साधी गोष्ट करतो. नवीन फेरी सुरू करण्याआधी मागच्या फेरीतले तीन प्रश्न, आणि त्यांवर प्रकरणाचं नाव नाही. हे नाव नसणं फार महत्त्वाचं. ‘दशांश अपूर्णांक’ या मथळ्याखालची वीस गणितं सोडवताना मुलाला कुठली रीत वापरायची हे ठरवावंच लागत नाही, मथळ्यानं ते आधीच ठरवलेलं असतं. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींची घनफळं काढायला शिकवली. एका गटानं एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, दुसऱ्यानं चारही मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाले पुढं होते, ८९ टक्के बरोबर, मिसळवाले ६० टक्के. आठवड्यानं परीक्षा घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर आले होते आणि मिसळवाले ६३. सरावात जे सोपं गेलं तेच आठवड्यात उडून गेलं होतं. सर्पिल पद्धतीचा खरा फायदा मला इथं दिसतो. विसरायला थोडा वेळ देऊन परत विचारणं, आणि दुसऱ्या विषयांच्या गर्दीत विचारणं. तोच धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवण्यात तो फायदा नाही.

आणि फेरीच्या आत? तिथं मी सरळ रेषेचाच. गुंठ्यांची बेरीज यायच्या आधी गुंठा हा एकराचा चाळिसावा भाग, हे यायलाच हवं. सममूल्य अपूर्णांकांशिवाय समच्छेद नाही, समच्छेदाशिवाय बेरीज नाही, स्थानिक किमतीशिवाय दशांश नाही. या साखळीत एकही कडी वगळता येत नाही. पण सगळं गणित एकाच साखळीत ओवलेलं नाही, हेही खरं. भूमितीतली सममिती शिकायला लसावि लागत नाही. अपूर्णांक अडले म्हणून मुलाला कोन शिकवायचे नाहीत, हा हट्ट सरळ रेषेवाले धरतात, आणि तो निष्कारण आहे. गणिताचं चित्र एका रांगेपेक्षा झाडासारखं जास्त आहे. काही फांद्या दुसऱ्यांवर टेकलेल्या, काही मोकळ्या.

कर्नाटकात सरकारी शाळांत पहिली ते तिसरीला ‘नली-कली’ आहे, हे आमच्याकडच्या पालकांना माहीत असेल. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात हे सुरू झालं, मूळ कल्पना आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांची. तिन्ही इयत्तांची मुलं एकत्र बसतात, भिंतीवर शिडी असते, आणि प्रत्येक मूल कार्डांच्या मदतीनं आपल्या गतीनं एकेक पायरी चढतं. मला याची गंमत अशी वाटते, की शिडी सरळ रेषेतलीच आहे. फक्त ती कॅलेंडरला बांधलेली नाही. मूल पंधरा दिवस आजारी पडलं तर परत येऊन सोडलेल्या पायरीवर उभं राहतं. वर्ग पुढं निघून गेला, असं होत नाही. मात्र कार्डं भरण्यालाच शिकणं समजलं, तर इथंही तोच प्रकार. शिडी चढली जाते आणि मागच्या पायऱ्या विसरल्या जातात, कारण शिडी कधी वळून मागं येत नाही.

कॅलेंडरचा हा मुद्दा आमच्या भागात फार खरा आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बैलगाड्यांसोबत मुलं येतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत ती त्यांच्या गावच्या शाळेत नसतात. साखरशाळेत काही जातात, बरीच नाहीत. सरळ रेषेच्या अभ्यासक्रमात या मुलाचं अर्धं वर्ष गेलं म्हणजे पुढची सगळी रेषाच गेली. सर्पिलमध्ये त्याला पुढच्या वर्षी दुसरी संधी मिळेल, असं आपण म्हणतो. पण जर अपूर्णांक दरवर्षी दुसऱ्याच सत्रात येत असतील, तर हे मूल तिसरीतही त्या वेळी उसाच्या फडात असतं, चौथीतही आणि पाचवीतही. फेरी दरवर्षी येते आणि दरवर्षी त्याला चुकवून जाते. एका वर्षी अपूर्णांक जूनमध्ये आणि दुसऱ्या वर्षी जानेवारीत असा साधा आलटून-पालटून क्रम ठेवला, तरी त्या मुलाला दोन वर्षांतून एकदा ते भेटतील. पुस्तक न बदलता एखादा शिक्षक आपल्या वर्गापुरतंही हे करू शकतो, अर्थात पुढची प्रकरणं अपूर्णांकांवर टेकलेली नाहीत ना, हे बघून.

शाळा बदलणाऱ्या मुलांचंही तसंच. सीमेच्या अलीकडून पलीकडं गेलेल्या मुलाला एखादं प्रकरण दोनदा भेटतं आणि एखादं एकदाही नाही. अशा वेळी पालकांनी नवीन पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करण्यापेक्षा मथळा नसलेले दहा-बारा प्रश्न घालावेत. भोक कुठं आहे ते अर्ध्या तासात कळतं, आणि मग तेवढंच बुजवता येतं.

सुट्टीच्या शेवटी भाचीनं एक प्रश्न काढला, तो माझ्या यादीत नव्हता. तिच्याकडच्या सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, शंभर आरांचा एक हेक्टर. आमच्या उताऱ्यावर एकर-गुंठे. ती म्हणाली, “मामा, तिकडं टिंब दिला तर चालतो, इकडं का नाही?” कारण तिकडं शंभराची घरं आहेत, इकडं चाळिसाची. एक गुंठा म्हणजे साधारण १.०१ आर, म्हणून घाईत लोक गुंठा आणि आर एकच धरतात. एका गुंठ्याला चालून जातं. दीड एकराला, म्हणजे साठ गुंठ्यांना, फरक पाऊण आराच्या आसपास जातो. तो तिनं काढला, आबांना सांगितला, आणि आबांनी लगेच विचारलं, “पाऊण आर म्हंजे किती फूट?”

दिवाळीला तिघं परत भेटतील. पुतणी तोवर चौथीत रुळलेली असेल. तिच्यासाठी तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत, मथळा न घालता: साडेसात गुंठे एकराच्या पाव भागापेक्षा कमी की जास्त, तीन पाव मिळून एकराचे किती गुंठे, आणि दोन सारख्याच पोळ्या, एकीचे चार सारखे तुकडे केले आणि दुसरीचे आठ, तर कुणाचे दोन तुकडे खाल्ल्यावर पोट जास्त भरेल. पुतण्यासाठीही तीन आहेत. भाचीनं स्वतःच स्वतःसाठी एक घातला आहे. आबांच्या प्रश्नाचं उत्तर ती चौरस फुटांत आणणार आहे.